ठिगळ लावण्याआधी: साठीतल्या उघड्या काँक्रीटची दुरुस्ती

१९५० आणि ६०च्या दशकांत आपल्याकडे सरकारी आणि सार्वजनिक इमारती गिलावा न करता, काँक्रीट तसंच उघडं ठेवून बांधायची लाट आली. तिचं मोठं उगमस्थान चंडीगढ. तिथला ल कॉर्बुझिएचा कॅपिटॉल परिसर २०१६पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथून ही पद्धत ग्रंथालयं, कॉलेजं, नाट्यगृहं अशी पसरत लहान शहरांपर्यंत पोचली. शटरिंगच्या फळ्यांचे ठसे हीच या भिंतींची सजावट. आता या इमारती साठीत आल्या आहेत. कुठे कोपरा सुटलाय, कुठे सळई दिसतेय, पश्चिमेची बाजू काळी पडलीय. मग स्ट्रक्चरल ऑडिट होतं आणि अहवालाच्या शेवटी ठरलेलं वाक्य येतं: पॉलिमर मॉर्टर, वरून गिलावा, वरून रंग.

राहत्या सोसायटीला ही शिफारस चालते. इथे मात्र काँक्रीटचा पृष्ठभाग हीच इमारत असते. तो एकदा गिलाव्याखाली गेला की परत मिळत नाही, कारण गिलावा धरावा म्हणून आधी त्यावर टाचे मारलेले असतात. या कामात नव्याने उतरलेल्या आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि देखरेख करणाऱ्यांसाठी मी इथे एकच काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतो. इमारत १९६४ची, समुद्रापासून लांबच्या एका जिल्ह्याच्या गावातलं वाचनालय. पश्चिमेला ऊन अडवायला काँक्रीटच्या २८ उभ्या फिन. प्रत्येक फिन १०० मिमी जाड, भिंतीपासून ६०० मिमी बाहेर आलेली. आम्ही २०२४मध्ये काम केलं, म्हणजे काँक्रीटचं वय बरोबर ६०.

आधी पावसात उभे राहा

पहिली पाहणी पावसाळ्यात करा, आणि चालू पावसात. छत्री घेऊन समोरच्या फुटपाथवर तासभर उभं राहिलं की जे कळतं ते उन्हाळ्यात आठवडाभर परांचीवर चढून कळत नाही. इमारतीच्या दर्शनी बाजूचं साधं रेखाचित्र हातात ठेवा आणि पाणी कुठून येतं, कुठे रेंगाळतं, कुठून ठिबकतं ते रंगीत पेन्सिलीने काढा.

आमच्या वाचनालयात गच्चीच्या पन्हळी मूळच्या दीड फूट बाहेर आलेल्या होत्या. मधे कधीतरी गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, तेव्हा त्यांपैकी चार कुणीतरी कापून भिंतीला टेकवल्या. त्या चार पन्हळींचं पाणी थेट खालच्या फिनवरून वाहत होतं. नंतर हातोडीने वाजवून ज्या ११ फिन पोकळ निघाल्या, त्यातल्या ९ याच चार पन्हळींच्या खाली होत्या. बाकी सगळा लेख या एका निरीक्षणाभोवती फिरतो.

डागही वाचायला शिका. काळे पट्टे बहुतेक वेळा शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचे असतात. ते दिसायला वाईट, पण सळईला त्यांचं काही नाही. पाणी कुठे रेंगाळतं एवढं ते सांगतात. पांढरा लोणा म्हणजे काँक्रीटमधला चुना पाण्याबरोबर बाहेर येतोय. तांबूस डागांत दोन जाती. नाण्याएवढा गोल, एकटा डाग असेल तर बहुधा बांधणीच्या तारेचं टोक किंवा शटरिंगचा खिळा गंजलाय. डाग कडेला समांतर, लांब रेघेत असेल आणि त्यावर बारीक भेग असेल, तर ती सळई.

काँक्रीटच्या आत काय होतं

ताज्या काँक्रीटच्या आतलं पाणी अतिशय अल्कधर्मी असतं, पीएच साडेबारा-तेराच्या आसपास. या वातावरणात सळईवर ऑक्साइडचा एक अतिपातळ थर बसतो आणि तो तिला गंजू देत नाही. सळई वाचते ती या अल्कलीमुळे. सिमेंटचा कठीणपणा नंतरचा.

हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या छिद्रांतून आत शिरतो आणि तिथल्या चुन्याशी संयोग पावून त्याचा कॅल्शियम कार्बोनेट करतो. त्या भागाचा पीएच नऊच्या खाली येतो. हेच कार्बोनेशन. काँक्रीट त्याने कमकुवत होत नाही, उलट पृष्ठभाग थोडा कठीणच होतो. म्हणून जुन्या इमारतीवर रिबाउंड हॅमरचे आकडे छान आले तर हुरळून जाऊ नका. हातोडी कार्बोनेट झालेल्या सालीवर आपटून उसळतेय.

कार्बोनेशनची हद्द सळईपर्यंत पोचली की संरक्षक थर जातो. पण गंज लगेच सुरू होत नाही. त्याला पाणी आणि प्राणवायू लागतो. नवखा माणूस इथेच चुकतो. कार्बोनेशन वेगाने होतं ते मध्यम कोरड्या जागी, साधारण ५० ते ७० टक्के आर्द्रतेत, कारण छिद्रं पाण्याने भरलेली असली तर वायू आत शिरत नाही. गंज मात्र ओल्या जागी चढतो. त्यामुळे छज्जाखाली कार्बोनेशन खोल आणि सळई स्वच्छ, तर पावसाच्या कडेला कार्बोनेशन उथळ आणि सळई खाल्लेली, असं उलटं चित्र नेहमी सापडतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो. त्या दाबाने आधी भेग पडते, मग पोपडा सुटतो.

वाजवून बघणं आणि गुलाबी रंग

पावशेराची हातोडी पुरे. बाजारात मडकं घेताना वाजवून बघतो, तसं वितीवितीवर हलकेच वाजवत जायचं. धड काँक्रीट खणखणीत बोलतं, सुटलेलं बद्द. बद्द आवाजाची हद्द खडूने आखा आणि रेखाचित्रावर उतरवा. हे सुरू करण्याआधी खाली दोरी बांधून रस्ता अडवा, कारण काही पोपडे हातोडीचीच वाट बघत असतात. आणि फिनऐवजी तुळई किंवा खांब असेल, तर फोडायचं नाव काढण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. टेकू लागतील की नाही ते तो ठरवील.

मग कव्हर मीटर. सळई पृष्ठभागापासून किती आत आहे ते याने न फोडता कळतं. आमच्या फिनमध्ये मुख्य सळया १० मिमीच्या, साध्या गुळगुळीत, आणि त्यांभोवती ६ मिमीच्या रिंगा. मुख्य सळईवरचं कव्हर सरासरी २२ मिमी निघालं. पण काही फिनमध्ये ओतताना पिंजरा एका बाजूला सरकला होता. तिथे मुख्य सळईवर १५ आणि रिंगेवर फक्त ९ मिमी.

आता कार्बोनेशनची खोली. अल्कोहोलमध्ये केलेलं फिनॉल्फ्थेलिनचं एक टक्का द्रावण प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानात मिळतं. छिन्नीने पृष्ठभागाला काटकोनात ताजा तुकडा फोडा, धूळ रबरी पंपाने उडवा, पाण्याने धुवू नका, आणि लगेच फवारा. अल्कली शिल्लक असलेला भाग गर्द गुलाबी होतो, कार्बोनेट झालेला तसाच राखाडी राहतो. मिनिटभर थांबून पृष्ठभागापासून गुलाबी रेषेपर्यंत पट्टीने मोजा. ड्रिलच्या भोकात फवारून मोजू नका: आतली अल्कधर्मी पूड भोकाच्या भिंतीला फासली जाते आणि सगळंच गुलाबी दिसतं. आधीच सुटलेल्या जुन्या पोपड्याच्या जागीही मोजू नका, तो उघडा पृष्ठभाग आतून नव्याने कार्बोनेट झालेला असतो. शिवाय रंग साधारण पीएच नऊपाशी बदलतो आणि सळईचं संरक्षण त्याच्या थोडं आधीच ढिलं पडतं, म्हणून मी गुलाबी रेषेच्या आतले आणखी ५ मिमी धोक्यात धरतो.

वाचनालयात फिनच्या आडोशाच्या बाजूवर सरासरी ३१ मिमी आली आणि पाऊस झोडपतो त्या पुढच्या कडेवर १८ मिमी. या आकड्यांचं काय करायचं? कार्बोनेशन वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आत सरकतं:

x = k√t

x म्हणजे मिमीमध्ये खोली, t म्हणजे वर्षं. ६०चं वर्गमूळ ७.७५. ३१ला त्याने भागलं की k बरोबर ४ येतो. म्हणजे आडोशाच्या बाजूला २२ मिमी कव्हर पार व्हायला (२२ ÷ ४)² म्हणजे सुमारे ३० वर्षं लागली. १९९४च्या सुमारासच तिथल्या सळयांचं कवच गेलं होतं. तरीही आडोशाच्या बाजूला आम्ही तीन ठिकाणी सळई उघडून बघितली, तर वर नुसती तपकिरी पूड, खोलगट खड्डा एकही नाही. तीस वर्षं कवचाविना, आणि तरी धड, कारण जागा कोरडी. पुढच्या कडेला कार्बोनेशन १८ मिमीच, पण सरकलेल्या सळईवर कव्हर १५, आणि कोपऱ्याच्या सळईवर हल्ला दोन बाजूंनी. त्यात पन्हळीचं पाणी. तिथे सळई फुगून काँक्रीट फाटलेलं.

या सूत्राचा दुसरा उपयोग धीर देण्याचा. वय १०० होईल तेव्हा k ४ धरून खोली ४० मिमी होईल, म्हणजे येत्या चाळीस वर्षांत फक्त ९ मिमीची भर. ‘कार्बोनेशन थांबवण्यासाठी’ म्हणून कुणी आख्खी इमारत रंगवायला सांगत असेल, तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

एक चाचणी राहिली, क्लोराइडची. वेगवेगळ्या खोलीवरची काँक्रीटची पूड गोळा करून प्रयोगशाळेत पाठवायची. सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्क्यांच्या वर क्लोराइड आलं, तर पुढे सांगितलेली पद्धत जशीच्या तशी वापरू नका. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा ठिकाणी, किंवा खाडीची रेती वापरल्याचा संशय असेल तिथे, ही चाचणी गाळण्याची चूक करू नका. क्लोराइडने दूषित काँक्रीटमध्ये एक भाग फोडून स्वच्छ मॉर्टर भरलं की तिथली सळई सुरक्षित होते, पण आजवर तीच गंजत राहून शेजारच्या सळईला वाचवत होती. आता शेजारी गंजू लागतो आणि दोनचार वर्षांत ठिगळाभोवती नव्या पोपड्यांची माळ उठते. तिथे कॅथोडिक संरक्षणासारखे उपाय लागतात आणि ते तज्ज्ञाचं काम आहे. आमच्या वाचनालयात क्लोराइड नगण्य निघालं, म्हणून साधं ठिगळ चालणार होतं.

काय करायचं नाही ते आधी ठरवा

२८पैकी १७ फिन आम्ही हातही न लावता सोडल्या. त्या कार्बोनेट झालेल्या आहेत हे माहीत असूनही. कमिटीला हे पटवायला ठिगळाच्या कामापेक्षा जास्त वेळ गेला. “पैसे मंजूर आहेत तर सगळ्याच करून टाका ना,” हे वाक्य तुम्हालाही ऐकावं लागेल. उत्तर सोपं आहे: धड काँक्रीट फोडून भरलेलं ठिगळ कितीही चांगलं केलं तरी मूळ काँक्रीटइतकं चांगलं नसतं.

पहिला खर्च पाण्यावर केला. चारही पन्हळी पुन्हा बाहेर काढल्या. गच्चीच्या कठड्याच्या माथ्याला आत उतार दिला. छज्जांच्या खालच्या कडेला पागोळी तुटावी म्हणून मूळची खाच होती, ती रंगाच्या आणि सिमेंटच्या थरांनी बुजलेली. ती हाताने कोरून मोकळी केली. या तीन कामांना ठिगळांच्या खर्चाचा चौथा हिस्साही लागला नाही, आणि माझ्या मते इमारत मुख्यतः त्यांनीच वाचवली.

नमुने

ठिगळाचं मिश्रण फोडण्याआधी निदान एक पावसाळा तयार करायला घ्या. हे मी स्वतःच्या चुकीतून सांगतोय. पूर्वीच्या एका कामात मी ओल्या नमुन्याचा रंग ओल्या भिंतीशी जुळवला, खूश झालो आणि काम सुरू केलं. सहा महिन्यांनी ती ठिगळं पांढऱ्या धोतराला खाकी कापड लावावं तशी लांबून दिसत होती. रंग बघायचा तो पूर्ण सुकलेल्या नमुन्याचा, २८ दिवसांनंतर, आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही उजेडांत.

जुळवायचं काय असतं? साठ वर्षांच्या पावसाने वरची सिमेंटची साय धुऊन गेलेली असते. दिसतो तो मुख्यतः वाळूचा रंग. त्या काळची वाळू नदीची, पिवळसर आणि गोल कणांची. आज महाराष्ट्रात सरसकट मिळते ती बेसॉल्ट दळून केलेली क्रश सँड, काळपट आणि टोकदार. ती घातली की ठिगळ काळं पडणारच. आम्हाला सगळ्या कामाला मिळून नदीची वाळू फार थोडी लागली, ती परवानाधारक विक्रेत्याकडून घेतली आणि जुन्या काँक्रीटच्या तुकड्यातली वाळू चाळून तिच्याशी ताडून बघितली. सिमेंटचंही तसंच. दुकानात न सांगता जी गोणी मिळते ती बहुधा फ्लाय ॲशवाल्या पीपीसीची. आम्ही साधं ओपीसी घेतलं: रंग जुन्याच्या जवळ जातो आणि त्यात चुन्याचा साठा जास्त, जो सळईला हवाच आहे. त्यात थोडं पांढरं सिमेंट.

३०० × ३०० मिमीचे १२ नमुने केले आणि पश्चिमेच्या भिंतीशी पावसाळाभर उभे ठेवले. शेवटी जमलेलं प्रमाण असं: ओपीसी ३ भाग, पांढरं १ भाग, या एकूण सिमेंटच्या अडीचपट वाळू, आणि ६ मिमीखालची बारीक खडी दीडपट. पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.४५. हे प्रमाण तुमच्या इमारतीला लागू पडणार नाही, शोधायची पद्धत तेवढी लागू पडेल.

तयार पिशवीतलं दुरुस्तीचं मॉर्टर का नाही? राखाडी रंग तर वेगळा असतोच, शिवाय अनेक तयार मॉर्टर जुन्या काँक्रीटच्या तिप्पट ताकदीची असतात. कंत्राटदाराला हा गुण वाटतो. पण पश्चिमेच्या उन्हात जुनं काँक्रीट एका मापाने हलतं आणि कडक ठिगळ दुसऱ्या. मग कडेने केसासारखी भेग येते, आणि तिच्यातून गेलेलं पाणी ठिगळामागे अडकतं.

एक ठिगळ, जवळून

अकरावी फिन घेऊ. पुढच्या कडेचा साधारण ७०० मिमी लांबीचा कोपरा बद्द वाजत होता.

खडूच्या वेड्यावाकड्या रेषेबाहेर चौकोनी हद्द आखायची, आणि ती मनाला येईल तिथे नव्हे. या फिनवर १०० मिमी रुंदीच्या फळ्यांचे ठसे होते. वरची, खालची आणि आतली कड फळ्यांच्या सांध्यावर आणली. तिथे मुळातच रेघ आहे, त्यामुळे ठिगळाची कड तिच्यात लपते. मग ग्राइंडरने कडेला काटकोनात काप घ्यायचा. पुस्तकी खोली १० मिमी. पण इथे रिंगेवर कव्हर ९ मिमी होतं हे आठवतंय ना? १० मिमी काप घेतला असता तर रिंगा कापल्या गेल्या असत्या. आम्ही पातं ६ मिमीवर बांधलं. कोपऱ्यात काप एकमेकांना ओलांडून पुढे जाऊ देऊ नका; शेवटचा इंच छिन्नीने करा. ही कड उभी हवी, कारण निमुळत्या कडेवरचं पातळ मॉर्टर पहिल्याच उन्हाळ्यात उचलतं.

फोडायला हलकी छिन्नी-हातोडी किंवा अगदी छोटा ब्रेकर. मोठ्या ब्रेकरने १०० मिमीची फिन आतून तडकते. फोडणं सळईपाशी थांबवायचं नाही. सळईच्या मागे २० ते २५ मिमी मोकळं झालं पाहिजे, बोट फिरलं पाहिजे. लांबीला स्वच्छ सळई लागेपर्यंत आणि त्यापुढे ५० मिमी जायचं. कामं सर्रास इथे फसतात: सळईचा पुढचा अर्धा घासला, मागचा गंजासकट गाडला.

गंज काढायला आम्ही वाळूचा छोटा पेन-ब्लास्टर वापरला, आजूबाजूचा पृष्ठभाग प्लायने झाकून. तारेच्या ब्रशने मागची बाजू निघत नाही. आम्लाचे रस्ट रिमूव्हर मी वापरत नाही, ते छिद्रांत राहतात. सळई राखाडी चकाकली की व्हर्नियरने मोजा. इथे १० मिमीची सळई सर्वांत खाल्लेल्या जागी ८.८ मिमी भरली. “बारा टक्केच गेलीय, साहेब,” मुकादम म्हणाला. व्यास बारा टक्के गेला, पण ताकद क्षेत्रफळावर ठरते, आणि ०.८८चा वर्ग ०.७७. म्हणजे तेवीस टक्के गेली. इंजिनिअरने शेजारी ८ मिमीची जोडसळई द्यायला सांगितली, दोन्ही बाजूंना ४०० मिमीचा लॅप ठेवून. त्यासाठी ठिगळ वर आणि खाली वाढवावं लागलं, अर्थात पुढच्या फळीच्या सांध्यापर्यंत. दोन रिंगा हाताने तुटल्या. तिथे कव्हर वाढवायचं तर फिन जाड करावी लागली असती, म्हणून त्या जागी स्टेनलेसच्या ६ मिमी रिंगा, शक्य तेवढ्या आत सरकवून बांधल्या.

सळईला प्रायमर लावायचा का, यावर मतं आहेत. गंज फक्त कार्बोनेशनचा असेल तर ताजं, दाट मॉर्टर सळईला पुन्हा अल्कधर्मी कवच देतं. झिंक प्रायमर घाईत फासला तर तो काँक्रीटवर सांडतो आणि तिथे मॉर्टर धरत नाही. आम्ही लावला नाही.

भरण्याच्या आदल्या दिवशी खड्डा पाणी मारमारून भिजवायचा. भरताना मात्र तो आतून ओला आणि वरून निथळलेला हवा, चमकणारं पाणी नको. कोरडं जुनं काँक्रीट मॉर्टरमधलं पाणी शोषून घेतं आणि सांध्यात मॉर्टरचा भुगा होतो. मग वाळू-सिमेंटची पातळ लापशी ब्रशने घासून लावायची आणि ती वाळायच्या आत भरायचं. लापशी वाळली तर ती खरवडून पुन्हा लावायची. वाळलेली लापशी जोडत नाही, उलट सुटायला मदत करते.

फळीचा ठसा हवा असेल तर मूळ जसं ओतलं तसंच ओतायचं. आम्ही १०० मिमी रुंदीच्या फळ्या तारेच्या ब्रशने घासून रेषा उठवल्या, त्यांना पातळ चुन्याचा हात दिला आणि कोपऱ्याला पेटी बांधली. वर तोंड उघडं. एका वेळी ३०० मिमी भरायचं, सळईमागे लाकडी काठीने ठासायचं, बाहेरून लाकडी हातोडीने ठोकत राहायचं. आमचे गवंडीकाका या कामात चाळीस वर्षं होते, तरी दर घमेल्याला विचारत, “अजून थोडं पाणी मारू का? सुखावेल जरा.” मीही दर वेळी नाही म्हणालो. पाणी वाढलं की रंग फिकट होतो, आणि आकुंचनाची भेग ठरलेली.

पेटी दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली. मॉर्टर अजून हिरवं असताना नायलॉनच्या ब्रशने आणि स्पंजने वरची साय हलकेच पुसून काढली, इतकी की वाळूचे कण दिसू लागले. साठ पावसाळ्यांनी जे केलं ते दहा मिनिटांत करायचं असतं, म्हणून हात आवरता ठेवा; फळीचे ठसे पुसले गेले तर पुन्हा फोडावं लागेल. मग सात दिवस ओलं गोणपाट, वरून प्लॅस्टिक. नवं गोणपाट काँक्रीटवर पिवळट डाग सोडतं, म्हणून ते आधी दोनतीनदा धुऊन घ्या.

नंतर

२८ दिवसांनी हातोडी घेऊन पुन्हा वाजवा. ठिगळ आणि कड दोन्ही खणखणीत बोलली पाहिजेत. पाणी शिंपडून बघा: सुकताना भेग असेल तिथे ओली रेघ मागे राहते. आमच्या ११ ठिगळांत एक कडेला बद्द निघालं, लापशी वाळल्यावर भरलं होतं. ते फोडून पुन्हा केलं.

काळे पट्टे आम्ही साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने, फक्त ठिगळांच्या आसपास कमी केले. सगळी इमारत उजळायच्या मोहात पडू नका. आम्लाने किंवा सँडब्लास्टिंगने ती महिनाभर गोरी दिसते, मग खरखरीत झालेला पृष्ठभाग दुप्पट पाणी धरतो आणि शेवाळ दुप्पट जोमाने येतं.

पावसाच्या पुढच्या कडांवर सिलेनचा हात दिला. तो छिद्रांच्या भिंतींना पाणी नकोसं करतो, दिसण्यात फरक पडत नाही आणि वाफ बाहेर जाऊ देतो. पण त्याने कार्बोनेशन थांबत नाही, काँक्रीट कोरडं राहिल्याने थोडं वाढूही शकतं. आपण गंजाचं पाणी तोडतोय, एवढंच. काही वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागतो, आणि भेग रुंद असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

उरलेली अर्धी गोणी नदीची वाळू, घासलेल्या चार फळ्या आणि बारापैकी पसंत पडलेला नमुना आम्ही वाचनालयाच्या जिन्याखालच्या खोलीत ठेवला. नमुन्याच्या पाठीवर ऑइलपेंटने प्रमाण लिहिलंय, आणि गोणीवर शिपायासाठी एक सूचना: पहिल्या मोठ्या पावसाआधी चारही पन्हळींत हात घालून पानं काढावीत.